स्पीकरफोन मागणारा ईमेल

सहा जण एकाच लॅपटॉपभोवती बसले की टोकाच्या माणसाचं बोलणं पलीकडे नीट पोहोचत नाही. यावरचा उपाय मागताना ऑफिस मॅनेजरला हिशोब दाखवावा. उदाहरणार्थ:

‘मॅडम, कॉन्फरन्स रूमसाठी एक यूएसबी स्पीकरफोन घ्यावा, ही विनंती. तो चारी बाजूंचा आवाज टिपतो, प्रतिध्वनी दाबतो. लॅपटॉपला जोडला की चालू. बसवायचा खर्च नाही. कोटेशन १२,००० रुपयांचं आहे. तीन वर्षं चालला तर महिन्याला साधारण ३३३ रुपये पडतात. सहा हेडसेट घेतले तर प्रत्येकी २,५०० प्रमाणे १५,००० लागतील. कोटेशन सोबत जोडलं आहे.’

पाठवण्याआधी टेबल मोजावं. छोट्या स्पीकरफोनचा माइक साधारण दोन मीटरपर्यंतच नीट ऐकतो. टेबल फार लांब असेल तर मोठं मॉडेल लागतं आणि हिशोब बदलतो.