वर्तुळाच्या कडेला काय घडतं

जुन्नर-आंबेगावच्या गोठ्यांत संकरित गाईची कास एका सकाळी कडक लागते, सडातून दुधाऐवजी पिवळट पाणी आणि गाठी येतात. दगडी झाली, म्हणतात. कोणतं औषध द्यायचं हे अंदाजानं ठरवायचं नसेल, तर त्या सडातलं दूध प्रयोगशाळेत जातं. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना मात्र औषधाचा पहिला डोस देण्याआधी घ्यावा लागतो. सड स्पिरिटनं पुसायचा, पहिल्या धारा सोडून द्यायच्या, मग निर्जंतुक नळीत थोडं दूध घेऊन बर्फात ठेवायचं. औषध आधीच टोचलेलं असेल, तर ते दुधात उतरलेलं असतं आणि जंतू ताटलीत उगवतच नाहीत.

समजा, या दुधातून स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू वाढला. त्याच्या वसाहती सलाइनमध्ये मिसळून ठरावीक गढूळपणा आणतात, म्हणजे मिलिलिटरमागे अंदाजे पंधरा कोटी जंतू. हे पाणी कापसाच्या काडीनं म्युलर-हिंटन अगारवर तीन दिशांनी फिरवतात आणि पंधरा मिनिटांच्या आत औषध भिजवलेल्या ६ मिलिमीटरच्या चकत्या ठेवतात. मग ताटली रात्रभर ३५ अंशांवर. सिएटलच्या बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली ही पद्धत जिथे आणून ठेवली, तिथेच ती बरीचशी आजही आहे.

सकाळी दिसणारं स्वच्छ वर्तुळ रात्रीच्या पहिल्या काही तासांतच ठरून गेलेलं असतं, हे मला कायम विलक्षण वाटतं. चकतीतून औषध अगारमध्ये झिरपत दूर जातं आणि जातं तसतसं विरळ होतं. त्याच वेळी जंतू दुपटीनं वाढत असतात. एखाद्या जागी त्यांची दाटी पुरेशी झाली, की नंतर पोचलेल्या औषधाचं तिथे काही चालत नाही. सीमारेषा तिथे गोठते. म्हणूनच जंतूंचं पाणी जास्त गढूळ झालं तर दाटी लवकर होते आणि वर्तुळ उगाच लहान येतं. अगार ४ मिलिमीटरपेक्षा जाड ओतलं तरी तेच, कारण औषध खालीही पसरतं.

आता पट्टी. समजा, आपल्या ताटलीत पेनिसिलिनचं वर्तुळ ३१ मिलिमीटर आणि सेफ्टिओफरचं २४ आलं. मोठं वर्तुळ ते चांगलं औषध, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नसतं. प्रत्येक औषधाचा रेणू आपल्या गतीनं झिरपतो, चकतीतली मात्रा वेगळी असते आणि जनावराच्या शरीरात ते किती पोचतं हेही वेगळं. म्हणून प्रत्येक औषधाची रेघ वेगळी. गाईच्या दगडीसाठी सेफ्टिओफरला २१ किंवा जास्त म्हणजे संवेदनशील, १८ ते २० मधलं, १७ किंवा कमी म्हणजे प्रतिरोधी. आपलं २४ पास झालं. या जंतूसाठी पेनिसिलिनची रेघ २९ वर आहे, म्हणजे ३१ सुद्धा पास.

इथेच थांबायचं नाही. पेनिसिलिनच्या वर्तुळाची कडा उजेडात डोळा लावून बघायची. औषधाला खरोखर बळी पडणाऱ्या जंतूंची वाढ कडेशी हळूहळू विरळ होत नाहीशी होते. पण कड शिवनेरीच्या कड्यासारखी एकदम तुटलेली, वाढीचा काठ दाट उठलेला दिसला, तर जंतू पेनिसिलिन तोडणारं विकर बनवतोय. कडेशी जमलेली दाटी पोचलेलं औषध तिथल्या तिथे फस्त करते. अशा वेळी ३१ हा आकडा बाजूला ठेवून अहवालात 'प्रतिरोधी' लिहितात. एवढी माहिती कडेच्या मिलिमीटरभर पट्टीत असते!

आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी आणखी एक तपासणी असते. ओळखीचा, वर्षानुवर्षं सांभाळलेला एक जंतू त्याच चकत्यांसोबत दुसऱ्या ताटलीत लावतात. या कामाच्या प्रमाण स्टॅफिलोकोकसभोवती पेनिसिलिनचं वर्तुळ २६ ते ३७ मिलिमीटरच्या दरम्यान यायला हवं. ते २२ आलं, तर पहिला संशय चकत्यांवर घ्यावा: फ्रीज बंद पडून त्या उबेत राहिल्या असतील, किंवा थंड डबी लगेच उघडल्यानं त्यांना ओल धरली असेल. त्या दिवशीचे पेनिसिलिनचे आकडे कुणालाही कळवायचे नसतात.

आणि ज्या औषधाला गाईच्या दगडीसाठी रेघच आखलेली नाही, तिथे माणसाच्या तक्त्यातली उसनी घेतली जाते. असा निकाल मी तरी कच्चाच मानते, कारण माणसाच्या रक्तातली औषधाची पातळी कासेतल्या दुधाविषयी फारसं सांगत नाही. शिवाय हा जंतू कासेत खोल गळूंमध्ये दडून बसतो आणि तिथे औषध नीट पोचत नाही. म्हणून सेफ्टिओफरला 'संवेदनशील' असा अहवाल येऊनही जुनी दगडी पुन्हा उसळू शकते. अशा गाईला लगेच दुसरं औषध टोचण्याआधी पशुवैद्यकाकडून तिची कास चाचपून घ्यावी. आत कडक गाठी बांधल्या असतील, तर तो सड आटवायचा का, हे त्यांच्याशी बोलून ठरवावं लागतं.