काम न वाढता वाढणारा खर्च

साखर कारखान्याने इथेनॉल प्रकल्पासाठी कर्ज मागितलं, की प्रकल्प अहवालात इमारत आणि यंत्रसामग्रीच्या खाली ‘बांधकाम काळातील व्याज’ अशी एक ओळ दिसते. बँकेतली मंडळी तिला आयडीसी म्हणतात. उत्पादन सुरू होईपर्यंत कमाई नसते, व्याज मात्र पहिली उचल घेतल्या दिवसापासून लागतं. ते भरायला पैसा हवा, म्हणून बँक ते प्रकल्पखर्चातच धरते.

समजा, प्रत्यक्ष काम १०० कोटींचं आहे आणि ते दोन वर्षं चालणार आहे. दोन्ही वर्षांच्या सुरुवातीला ५०-५० कोटी लागतील. त्यातले ७० टक्के कर्जाचे, ३० टक्के प्रवर्तकांचे, आणि व्याजदर १० टक्के. पहिल्या वर्षी ३५ कोटींवर साडेतीन कोटी व्याज होतं. तेही ७०:३० प्रमाणातच भरलं जातं, त्यामुळे कर्ज आणखी थोडं फुगतं आणि दुसऱ्या वर्षीचं व्याज सुमारे सव्वासात कोटींवर जातं. प्रकल्पखर्च झाला ११०.७५ कोटी.

आता हाच प्रकल्प वटावाच्या गणिताने पाहू. वटावाचा दरही १० टक्केच धरू. पहिले ५० कोटी दोन वर्षं अडकतात, दुसरे एक वर्ष. प्रकल्प पूर्ण होण्याच्या दिवशी त्यांचं मोल होतं ६०.५ आणि ५५, म्हणजे ११५.५ कोटी. बँकेच्या आकड्यापेक्षा हा पावणेपाच कोटींनी जास्त आहे. हा फरक म्हणजे प्रवर्तकांच्या पैशाने केलेली प्रतीक्षा. कर्जाच्या प्रतीक्षेचं बिल येतं, म्हणून ती खर्चाच्या तक्त्यात दिसते. भागभांडवलाची प्रतीक्षाही तितकीच खरी असते, पण तिचं बिल कोणी पाठवत नाही.

आयडीसी आणि वटाव, दोन्ही वेळेचीच किंमत मोजतात. म्हणून संपूर्ण प्रकल्पाचं निव्वळ वर्तमान मूल्य काढताना खर्चाच्या रकान्यात फक्त १०० कोटी हवेत. तिथे व्याजही घातलं आणि वर वटावही लावला, तर तेच ओझं दोनदा मोजलं जातं. आपल्या उदाहरणात त्यामुळे वर्तमान मूल्य सुमारे ९.२ कोटींनी विनाकारण घटतं, आणि तेवढ्यावरून चांगला प्रकल्प नाकारला जाऊ शकतो. मला ही चूक फार गंभीर वाटते, कारण तक्ता वरवर पाहता अगदी बिनचूक दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे: वटाव लावलेल्या रकान्यातल्या गुंतवणुकीची बेरीज एकूण प्रकल्पखर्चाइतकीच येत असेल, तर व्याज आत शिरलेलं आहे.

प्रवर्तकांचा परतावा वेगळा काढायचा असेल, तर गणित बदलतं. तिथे त्यांच्या खिशातून गेलेली रक्कम तेवढी धरायची: दोनदा १५ कोटी आणि व्याजातला त्यांचा ३० टक्के वाटा. पुढच्या कमाईतून कर्जाचे हप्ते वजा करायचे.

काम वर्षभर लांबलं, तर ७७.५ कोटींच्या कर्जावर आणखी पावणेआठ कोटी व्याज चढतं. शिवाय कमाईही वर्षभर पुढे ढकलली जाते. ही दुसरी झळ प्रकल्पखर्चाच्या तक्त्यात दिसत नाही, ती फक्त वटावाच्या गणितात सापडते.