मिरचीचा रंग आणि क्रियापदांचा हिशोब

धर्माबादच्या बाजारात मिरचीचा रंग डोळ्यांनी ठरतो. मूठभर मिरची उजेडात धरायची, साल निरखायची आणि भाव बोलायचा. मसाल्याच्या निर्यातीत मात्र हाच रंग आकड्यात लिहावा लागतो. त्या आकड्याला ‘अ‍ॅस्टा मूल्य’ म्हणतात. अमेरिकन स्पाइस ट्रेड असोसिएशन या संस्थेच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे. हे मूल्य कसे काढले, हे मिरचीवरच्या शोधनिबंधांत साधारण असे सांगितलेले असते :

‘रंगमूल्य अ‍ॅस्टा २०.१ पद्धतीने काढण्यात आले. सुमारे ०.१ ग्रॅम भुकटी १०० मिली अ‍ॅसिटोनमध्ये १६ तास अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवून ४६० नॅनोमीटरला शोषणांक मोजण्यात आला.’

या वाक्यांत खोटे काही नाही. निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञाला एवढे पुरते, कारण पद्धत कोणती हेच त्याला पाहायचे असते. पण तालुक्याच्या महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी ही दोन वाक्ये घेऊन प्रयोगशाळेत उभा राहिला, तर पहिली वस्तू कोणती हातात घ्यावी हे त्याला कळणार नाही. ‘चवीपुरते मीठ’ लिहिणाऱ्याला चव ठाऊक असते, म्हणून त्याचे भागते.

अशा मजकुराची क्रमवार कृती करायची तर आधी क्रियापदे मोजावीत. वरच्या मजकुरात काढणे, ठेवणे आणि मोजणे ही तीनच आहेत. प्रत्यक्षात हाताला दळणे, चाळणे, वजन करणे, भरणे, बूच लावणे, हलवणे, गाळ बसू देणे, यंत्र शून्यावर आणणे अशी कितीतरी कामे पडतात. ‘करण्यात आले’ या रचनेत करणारा दिसत नाही आणि त्याच्याबरोबर मधली कामेही नाहीशी होतात. म्हणून कृती आज्ञार्थात लिहावी आणि एका क्रमांकाखाली एकाच प्रकारचे काम ठेवावे.

दुसरे काम म्हणजे सैल शब्द पकडणे. ‘सुमारे ०.१ ग्रॅम’ यातला ‘सुमारे’ दोन गोष्टी सांगतो. वजन ठरावीकच हवे असे नाही, पण जे भरेल ते चार दशांश स्थळांपर्यंत लिहून ठेवायलाच हवे, कारण शेवटी त्यानेच भागायचे असते. मूळ पद्धतीत ७० ते १०० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. निबंधात ती गळून तिच्या एका टोकाचा आकडा तेवढा उरला.

‘खोलीचे तापमान’ हा शब्द मराठवाड्यात जास्त अडचणीचा आहे. एप्रिलमध्ये दुपारची खोली ३८ अंशांवर आणि पहाटेची २८ अंशांवर असू शकते. अ‍ॅसिटोन दर अंशाला सुमारे ०.१४ टक्के प्रसरण पावते. म्हणजे दुपारी खुणेपर्यंत भरलेला चंबू दहा अंशांनी थंड झाला की द्रव दीड टक्क्याच्या आसपास आकसतो आणि द्रावण तेवढे गडद होते. बूच सैल असेल तर बाष्पीभवनाने त्यात आणखी भर पडते. म्हणून ‘खोलीचे तापमान’ असे न लिहिता भरताना आणि वाचताना थर्मामीटरवर दिसलेला आकडा नोंदवायला सांगावे.

तिसरे काम साहित्याच्या तक्त्याचे. निबंधात वस्तू वाक्यांत विखुरलेल्या असतात आणि किती लागतील याची बेरीज कुठेच नसते. सहा नमुने, प्रत्येकाची दोनदा तपासणी, असे धरले तर तक्ता असा होतो :

| वस्तू | तपशील | सहा नमुन्यांसाठी |
|---|---|---|
| अ‍ॅसिटोन | विश्लेषणासाठीच्या शुद्धतेचे. ज्वालाग्राही | १२०० मिली, कोरी तपासणी व धुण्यासाठी आणखी २०० मिली |
| मिरचीची भुकटी | १ मिलिमीटरच्या चाळणीतून पूर्ण गेलेली | प्रत्येकी किमान ५ ग्रॅम |
| खुणेचे चंबू | १०० मिली, काचेच्या बुचाचे | १२ |
| क्युव्हेट | १ सेंटिमीटरची, काचेची | २ |

शेवटच्या ओळीतला ‘काचेची’ हा शब्द निबंधात नसतो. स्वस्त क्युव्हेट पॉलिस्टायरीनच्या असतात आणि अ‍ॅसिटोनने त्या विरघळू लागतात. भिंती धुरकटतात, आकडा वर चढत राहतो, आणि मिरचीच फार लाल आहे असा समज होतो.

आता कृती, प्रत्येक पायरीच्या वेळेसह :

१. दुपारी ३:३०. मिरची दळून चाळा. चाळणीवर उरलेला भाग टाकू नका, पुन्हा दळा. बिया वगळल्या तर रंग खोटा वाढतो. (३० मिनिटे)

२. ४:००. प्रत्येक चंबूसाठी ०.०७ ते ०.१० ग्रॅम भुकटी तोला आणि नेमके वजन लिहा. (१२ चंबूंना ४० मिनिटे)

३. ४:४०. विस्तवापासून दूर, हवेशीर जागी खुणेपर्यंत अ‍ॅसिटोन भरा, बूच घट्ट लावा, हलवा. वेळ व तापमान नोंदवा. (२० मिनिटे)

४. ५:००. चंबू अंधाऱ्या कपाटात ठेवा. (१६ तास)

५. सकाळी ८:३०. स्पेक्ट्रोफोटोमीटर सुरू करून तापू द्या. (३० मिनिटे)

६. ९:००. ज्या क्रमाने भरले त्याच क्रमाने एकेक चंबू हलवा आणि गाळ बसू द्या. (प्रत्येकी २ मिनिटे)

७. कोऱ्या अ‍ॅसिटोनवर यंत्र शून्यावर आणून ४६० नॅनोमीटरला शोषणांक वाचा. तो ०.३० ते ०.७० मध्ये हवा. जास्त आल्यास द्रावण पातळ करा व तेवढ्या पटीने गुणा. कमी आल्यास ते वाचन धरू नका. (प्रत्येकी २ मिनिटे)

८. मूल्य = शोषणांक × १६.४ × यंत्राचा दुरुस्ती-गुणक ÷ वजन (ग्रॅममध्ये).

वेळा लिहिल्यावर एक गोष्ट उघड होते. सोळा तासांची अट असलेले काम सकाळी अकराला सुरू केले तर वाचन पहाटे तीनला येते. कोणी तेवढ्यासाठी जागणार नाही. चंबू सकाळपर्यंत राहतील आणि सोळाचे बावीस तास होतील. निबंधात तरीही ‘१६ तास’च छापले जाईल.

एक उदाहरण करून पाहू. वजन ०.०८५० ग्रॅम, शोषणांक ०.४२, गुणक १ धरला. ०.४२ × १६.४ म्हणजे ६.८८८, त्याला ०.०८५० ने भागले की ८१ येते. निबंधातले ‘०.१ ग्रॅम’ जसेच्या तसे घेऊन भागले तर ६८.९. मिरची तीच आणि यंत्रही तेच, तरी १२ अंक गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक प्रतवारीचा, म्हणजे भावाचा आहे.

उलट टोकाला १६० मूल्याची गडद मिरची घ्या. तिची ०.१ ग्रॅम भुकटी वापरली तर शोषणांक ०.९८ च्या जवळ, म्हणजे मर्यादेबाहेर जातो. ०.०७ ग्रॅम घेतली तर तो ०.६८ वर, मर्यादेत राहतो. वजनाची मर्यादा कशासाठी ठेवली आहे ते इथे कळते, आणि म्हणून कृतीत ‘गडद मिरचीसाठी कमी वजन घ्या’ असेही लिहावे.

दुरुस्ती-गुणकासाठी प्रमाणित काचेची पट्टी लागते. तिचा जाहीर केलेला शोषणांक आणि आपल्या यंत्रावर ४६५ नॅनोमीटरला मिळालेला शोषणांक यांचे ते गुणोत्तर असते. पट्टी नसेल तर गुणक १ धरल्याचे स्पष्ट लिहावे. असे आकडे त्याच यंत्रावरच्या नमुन्यांची आपसांत तुलना करायला चालतात, दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडायला नाही.

कृती कितीही नेटकी असली तरी यंत्र फक्त ४६० नॅनोमीटरचा प्रकाश किती अडला एवढेच सांगते. तो मिरचीतल्या कॅप्सँथिनने अडवला की कोणी मिसळलेल्या रंगाने, हे त्याला कळत नाही. २००३ मध्ये भारतातून गेलेल्या तिखटात सुदान-१ हा बंदी असलेला रंग युरोपात सापडला, तो ओळखायला घटक वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफी लागली. म्हणून कृतीच्या शेवटी एक ओळ हवी : ही तपासणी रंग किती ते सांगते, कोणाचा ते सांगत नाही.