घानातल्या वीजखंडाने वाचवलेली प्रत

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय आणि कुठे जायचाय, हे सांगणारी संगणक यंत्रणाच बंद पडली होती. टर्मिनल चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली, आणि मर्स्कचे जगभरातले संगणक त्या दिवशी धडाधड बंद पडत होते. पडद्यावर एकच मजकूर: ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा.

रॅन्समवेअर हे असंच काम करतं. तुमच्या फायलींना कुलूप घालतं आणि किल्लीसाठी खंडणी मागतं. 'नॉटपेट्या' मात्र त्याहून वाईट निघालं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते पसरलं आणि पैसे भरले तरी कुलूप उघडण्याची सोयच त्यात नव्हती.

कोणत्या कर्मचाऱ्याला कशात प्रवेश आहे, याची नोंद मर्स्कच्या सुमारे १५० सर्व्हरवर होती. हे सर्व्हर एकमेकांची प्रत सतत ठेवत, म्हणजे एक बिघडला तरी बाकीचे होते. पण सगळे एकाच जाळ्यात जोडलेले असल्याने सगळेच एका फटक्यात पुसले गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यातून तुटलेला होता. इंटरनेटवरून त्याची प्रत पाठवायला फार वेळ लागला असता, म्हणून माणसांनी ती हातोहात, नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडला पोचवली. त्यानंतर सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले गेले.

तज्ज्ञ ऑफलाइन बॅकअपचा आग्रह धरतात तो यासाठीच. मर्स्कला जे वीज गेल्यामुळे मिळालं, ते आपण ठरवून करायचं. आपोआप सिंक होणारं क्लाउड फोल्डर एकटं पुरत नाही, कारण संगणकावर कुलूप लागलेली फाइल तिथेही तशीच पोचते. जुनी आवृत्ती परत मिळण्याची सोय असेल तरच तिथून सुटका होते. कायम जोडून ठेवलेल्या हार्ड डिस्कवरही हल्ला पोचतो. दुकानाची बिलं असोत की दवाखान्यातल्या नोंदी, डिस्क जोडायची, प्रत घ्यायची आणि काढून कपाटात ठेवायची. दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात, कारण हल्ला चालू असतानाच जोडलेली डिस्क हातची जाते. अधूनमधून दुसऱ्या संगणकावर त्यातल्या काही फायली उघडून पाहाव्यात. बिघडलेली प्रत अशीच वेळेत लक्षात येते.

याला एक मर्यादा आहे. आजच्या बऱ्याच टोळ्या कुलूप घालण्याआधी माहिती चोरतात आणि ती जाहीर करण्याची धमकी देतात. कपाटातल्या डिस्कमुळे काम पुन्हा सुरू होतं. चोरीला गेलेली माहिती मात्र परत येत नाही.