पाच तारीख म्हणजे पाचच

दुचाकीसाठी कर्ज घेतलेल्या माणसाच्या मोबाइलवर साधारण असा निरोप येतो: ‘प्रिय ग्राहक, आपला मासिक हप्ता लवकरच देय होत आहे. कायदेशीर कारवाई टाळण्यासाठी वेळेत भरणा करावा. भरणा केला असल्यास दुर्लक्ष करावे.’ हप्ता अजून चुकलेलाही नाही, तरी कारवाईची भाषा आधीच आली. आणि किती रुपये, कोणत्या दिवशी, हे मात्र कुठेच नाही.

कोणी तक्रार केली की हा मजकूर सौम्य करायला घेतला जातो आणि तो दुसऱ्या टोकाला जातो. ‘आपल्या सोयीनुसार, शक्य तितक्या लवकर हप्ता भरल्यास आम्ही आभारी राहू.’ वाचायला गोड आहे, पण माझ्या मते हा पहिल्यापेक्षा घातक. ‘सोयीनुसार’ वाचून माणूस पगाराची वाट पाहतो. बँकेच्या संगणकाला सोय कळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2021च्या स्पष्टीकरणानुसार, ठरलेल्या दिवशीचे कामकाज संपेपर्यंत रक्कम आली नाही, तर खाते त्याच तारखेपासून थकीत धरायचे असते.

आता एक प्रत्यक्ष हप्ता घेऊ. रक्कम 3,450 रुपये, तारीख 5 ऑक्टोबर 2025. त्या दिवशी रविवार होता आणि दसरा 2 तारखेला. म्हणजे खर्चाचे दिवस, वर सुट्टी. पुष्कळांना वाटते, रविवारी बँक बंद, तेव्हा हप्ता सोमवारी जाईल. पण खात्यातून आपोआप हप्ता वळता करणारी ‘नॅच’ यंत्रणा 1 ऑगस्ट 2021 पासून सुट्टीच्या दिवशीही चालते. शिवाय वसुलीची मागणी सकाळीच खात्यावर येऊ शकते. रविवारी दुपारी पैसे भरणारा माणूस आपण तारीख पाळली असे समजत असतो, आणि तोवर हप्ता परत गेलेला असतो. म्हणून निरोपात हप्त्याच्या तारखेबरोबर शिल्लक कधीपर्यंत ठेवायची, हेही लिहावे लागते:

‘नमस्कार. तुमच्या दुचाकी कर्जाचा 3,450 रुपयांचा हप्ता रविवार, 5 ऑक्टोबरला खात्यातून वळता होईल. सुट्टी असली तरी तारीख बदलणार नाही. शनिवार, 4 ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत खात्यात तेवढी शिल्लक ठेवा. काही अडचण असेल तर बुधवार, 1 ऑक्टोबरला संध्याकाळी 5 वाजेपर्यंत शाखेत फोन करा. काय करता येईल ते बोलून ठरवू.’

इथे तारखेच्या वाक्यात ‘कृपया’ नाही, ‘विनंती’ नाही. तिथे आर्जव केले की तारीख मागेपुढे करता येईल असे वाटू लागते. आपुलकी आहे ती शेवटच्या दोन वाक्यांत. मात्र ‘सवलत देऊ’ असे लिहिलेले नाही, कारण तो अधिकार निरोप लिहिणाऱ्याचा नसतो. फोनसाठी बुधवार दिला, कारण गुरुवारी सुट्टी आणि त्यानंतर हातात फारसा वेळ उरत नाही. हा निरोप सोमवारी, 29 सप्टेंबरला गेला तरच त्या बुधवाराला अर्थ आहे.

मोबाइलच्या साध्या संदेशात आणखी एक पेच असतो. देवनागरीत एका संदेशात 70 चिन्हे मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, पायमोड सगळी वेगळी मोजली जातात. त्यापुढचा मजकूर पुढच्या तुकड्यात जातो. सूचनेच्या पट्टीवरही सुरुवातच दिसते. तेव्हा नमस्कारापुरती जागा नसेल तर तो सोडावा आणि ‘हप्ता 3,450 रु. रविवार 5 ऑक्टोबरला वळता होईल’ असे सुरू करावे. हे एका संदेशात आरामात बसते.

तारीख उलटल्यावरच्या निरोपाचा सूर थोडा बदलतो. ‘भरला असल्यास दुर्लक्ष करा’ ऐवजी ‘आज सकाळी 10 पर्यंतच्या नोंदींनुसार 5 ऑक्टोबरचा हप्ता जमा झालेला नाही’ असे लिहिले, की पैसे भरून आलेल्या माणसावर खोटेपणाचा आळ येत नाही, आणि ज्याने भरले नाहीत त्याला पळवाटही राहत नाही. दंडाचा आकडा मात्र संकोचाने गाळू नये. ऑगस्ट 2023च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे, अटी न पाळल्याबद्दल स्मरणपत्र पाठवताना लागू होणारा दंडही कळवायचा असतो, आणि त्या दंडावर पुढे व्याज चढवता येत नाही. म्हणून ‘नियमानुसार दंड आकारला जाईल’ एवढ्यावर न थांबता किती रुपये दंड लागला आणि आज एकूण किती भरायचे, ते रुपयांत लिहावे.