रेझ्युमे नव्याने लिहायला देताना

रेझ्युमे पूर्णपणे नव्याने लिहून घ्यायचा असेल, तर लिहिणाऱ्याच्या हाती चार गोष्टी स्पष्टपणे पडाव्या लागतात: आजचा रेझ्युमे आणि त्यामागची माहिती, कोणत्या पदासाठी अर्ज करायचा आहे ते, किती पानांत मजकूर बसवायचा ते, आणि भाषेचा सूर कसा हवा ते. लिहिणारा व्यावसायिक असो, कंपनीतला अनुभवी सहकारी असो किंवा नात्यातले कोणी असो, त्याला उमेदवाराचे काम आतून ठाऊक नसते. जिथे माहिती अपुरी पडते तिथे ‘मेहनती’, ‘निष्ठावान’, ‘संघभावना असलेला’ अशी विशेषणे येऊन बसतात आणि नवा रेझ्युमे जुन्याइतकाच पोकळ राहतो. म्हणून विनंती पाठवण्याआधी या चारही गोष्टींची तपासणी-यादी करून घ्यावी.

त्यासाठी एक कल्पित पण नेहमीच्या पठडीतले उदाहरण घेऊ. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला एक उमेदवार चाकणमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. त्याआधी तो भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये तपासनीस होता. आता त्याला सप्लायर क्वालिटी इंजिनिअर व्हायचे आहे, म्हणजे बाहेरून माल पुरवणाऱ्या कारखान्यांची गुणवत्ता सांभाळायची आहे. त्याचा सध्याचा रेझ्युमे चार पानांचा आहे. पहिल्या पानावर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, शेवटच्या पानावर वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि ‘वरील माहिती खरी आहे’ असे सहीनिशी प्रतिज्ञापत्र आहे.

सध्याचा रेझ्युमे आणि त्यामागची माहिती

जुना रेझ्युमे वर्ड फाइलमध्ये द्यावा. छापील प्रतीचा फोटो किंवा स्कॅन दिला, तर सगळा मजकूर पुन्हा टाइप करण्यात वेळ जातो आणि तारखांमध्ये चुका शिरतात. आधार किंवा पॅन क्रमांक रेझ्युमेत असेल तर तो आधीच काढून टाकावा. पुनर्लेखनासाठी त्याची गरज नसते आणि अर्जाच्या टप्प्यावर तो रेझ्युमेत असण्याचेही कारण नसते.

खरी मेहनत असते ती सोबत द्यायच्या माहितीपत्रकात. प्रत्येक नोकरीसाठी एक परिच्छेद लिहावा. त्यात रुजू झाल्याचा आणि सोडल्याचा महिना व वर्ष, नियुक्तिपत्रावर लिहिलेले पदनाम, कारखान्यात काय बनत होते, उमेदवाराच्या हाताखाली किंवा सोबत किती माणसे होती आणि त्याच्या कामामुळे काय बदलले, एवढे यायला हवे. तारखा आठवणीवर सोडू नयेत. भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर यूएएन वापरून नोकऱ्यांचा इतिहास पाहता येतो आणि नोकरी देण्याआधी पार्श्वभूमी तपासताना त्या नोंदीही पाहिल्या जाऊ शकतात. रेझ्युमेतला महिना आणि ती नोंद जुळली नाही, तर एरवी खरा असलेला उमेदवारही संशयात सापडतो.

खंड असेल तर तोही सांगून टाकावा. या उमेदवाराने भोसरीची नोकरी मार्च २०२०मध्ये सोडली आणि चाकणला तो नोव्हेंबर २०२०मध्ये रुजू झाला. मधल्या सात महिन्यांचे कारण टाळेबंदी हे होते. लिहिणाऱ्याला ते माहीत असेल तर तो तारखा सरळ मांडतो. माहीत नसेल तर खंड झाकण्यासाठी नुसती वर्षे लिहिण्याचा मोह होतो आणि मुलाखतीत नेमका तोच प्रश्न पुढे येतो.

आकडे बहुतेकांना ‘आठवत नाहीत’. ते वार्षिक अप्रेझलच्या फॉर्ममध्ये, मासिक आढाव्याच्या सादरीकरणात आणि ग्राहकाच्या तक्रारींना दिलेल्या उत्तरांत सापडतात. या उमेदवाराच्या जुन्या रेझ्युमेत एक ओळ होती: ‘आवक मालाच्या तपासणीची जबाबदारी सांभाळली.’ माहितीपत्रक भरताना तिच्यामागचा तपशील बाहेर आला. बारा पुरवठादारांचा माल तो तपासत असे. त्यांपैकी एकाकडून येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये हवेच्या पोकळ्या राहत होत्या. तो पुरवठादाराच्या कारखान्यात गेला, तेव्हा डायमधून हवा बाहेर जाण्याच्या बारीक वाटा बुजलेल्या आढळल्या. त्या दर पाळीला साफ करण्याची पद्धत त्याने लावून घेतली आणि सहा महिन्यांत त्या भागाचे रिजेक्शन ३.२ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आले. नव्या रेझ्युमेचा कणा या घटनेतच होता, पण जुन्या ओळीतून ती कोणालाही कळली नसती.

इथे दोन मर्यादा पाळाव्या लागतात. काम अनेकांनी मिळून केले असेल तर उमेदवाराचा नेमका वाटा कोणता, ते लिहावे. आणि ग्राहक कंपनीचे नाव, ड्रॉइंग, किमती यांसारखी गोपनीय माहिती लिहिणाऱ्यालाही देऊ नये. ‘एक दुचाकी उत्पादक’ एवढे पुरते.

हवे असलेले पद

‘क्वालिटीमध्ये चांगली नोकरी’ एवढ्यावर कोणालाही रेझ्युमे लिहिता येत नाही. पदाचे नाव, शहर, उद्योग आणि पदाची पातळी ठरवून त्या पदाच्या दोन-तीन खऱ्या जाहिराती विनंतीसोबत जोडाव्यात. त्यानंतर जाहिरातीतल्या प्रत्येक अपेक्षेपुढे तीनपैकी एक शेरा मारावा: स्वतः केले आहे, दुसऱ्यासोबत केले आहे, केलेले नाही.

सप्लायर क्वालिटीच्या जाहिरातींत पुरवठादाराचे ऑडिट, नव्या भागाला मंजुरी देण्याची पीपीएपी ही पद्धत आणि दोषाचे मूळ शोधण्याची एट-डी ही पद्धत वारंवार दिसते. या उमेदवाराने एट-डी अहवाल स्वतः लिहिले होते, पीपीएपीची कागदपत्रे वरिष्ठांसोबत तपासली होती आणि ऑडिटमध्ये केवळ निरीक्षक म्हणून भाग घेतला होता. या तीन शेऱ्यांमुळे लिहिणाऱ्याला कळते की पहिल्या गोष्टीला जागा द्यायची, दुसरीबाबत ‘साहाय्य केले’ असे म्हणायचे आणि तिसरीबाबत ‘ऑडिट केले’ असे लिहायचे नाही. जाहिरातीतले शब्द रेझ्युमेत आले पाहिजेत, कारण पोर्टलवर आणि कंपन्यांच्या भरती-प्रणालींत रेझ्युमे शब्दांवरून शोधले जातात. पण शब्दामागे काम नसेल, तर मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत ते उघडे पडते.

दोन वेगळ्या पदांकडे लक्ष असेल तर दोन वेगळे रेझ्युमे मागावेत. उत्पादन आणि गुणवत्ता अशा दोन्ही वाटा एकाच रेझ्युमेत उघड्या ठेवल्या, तर वाचणाऱ्याला उमेदवार कोणत्याच वाटेचा वाटत नाही.

लांबी

नुकतेच शिक्षण संपवलेल्याला एक पान आणि काही वर्षांचा अनुभव असलेल्याला दोन पाने, ही चाकोरी बहुतेक खासगी नोकऱ्यांना लागू पडते. प्राध्यापक व संशोधकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या सीव्हीत शोधनिबंधांची यादी द्यावी लागते, म्हणून तो लांबतो. सरकारी भरतीत मात्र जाहिरातीने ठरवून दिलेला अर्जाचा नमुनाच चालतो.

विनंतीत नुसती पानांची संख्या लिहून भागत नाही, कारण अक्षर बारीक करून चार पाने दोनांत कोंबता येतात. जागा कशाला द्यायची आणि काय कापायचे, ते सांगावे लागते. या उमेदवाराने लिहून दिले: दोन पाने, चाकणच्या नोकरीला निम्म्याहून अधिक जागा, भोसरीच्या नोकरीला तीन ओळी, दहावीचे गुण, छंद, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि प्रतिज्ञापत्र पूर्ण वगळावे. परदेशातल्या नोकरीसाठी अर्ज असेल तर देशही कळवावा. जर्मनीत रेझ्युमेवर फोटो लावण्याची रीत अजून बरीच आढळते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये फोटो व जन्मतारीख देत नाहीत.

सूर

‘प्रोफेशनल वाटला पाहिजे’ या सूचनेतून लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वाचणारा कोण आहे ते सांगितले की सूर आपोआप ठरत जातो. कारखान्यातला विभागप्रमुख वाचणार असेल तर धंद्यातले शब्द जसेच्या तसे चालतात. आधी मनुष्यबळ विभाग वाचणार असेल तर पहिल्यांदा येणाऱ्या तांत्रिक शब्दाचा अर्थ ओळीतूनच कळायला हवा. उमेदवाराला पटणारी आणि न पटणारी अशी दोन-दोन वाक्ये नमुन्यादाखल दिली, तर सुराबद्दलचा गैरसमज उरत नाही.

आपल्याकडचे बहुतेक रेझ्युमे इंग्रजीत असतात, तेव्हा उमेदवार मुलाखतीत जितक्या सहज इंग्रजी बोलू शकतो त्याहून फार अवघड इंग्रजी रेझ्युमेत नको, हेही विनंतीत असावे. कागदावरचा माणूस आणि समोर बसलेला माणूस वेगळा वाटला, तर रेझ्युमे दुसऱ्याने लिहिल्याचे लगेच कळते.

विनंतीचा मसुदा आणि शेवटची तपासणी

ही सगळी माहिती जमली की विनंती थोडक्यात मावते. या उमेदवाराची विनंती अशी झाली:

‘सोबत सध्याचा रेझ्युमे, माहितीपत्रक आणि तीन जाहिराती जोडल्या आहेत. पद: सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, पुणे परिसर, वाहन उद्योग. लांबी दोन पाने. काय ठेवायचे व काय वगळायचे ते माहितीपत्रकाच्या शेवटी लिहिले आहे. भाषा साधी इंग्रजी, वाक्ये छोटी, विशेषणे नकोत. ऑडिट स्वतंत्रपणे केल्याचा उल्लेख करू नये. माहितीपत्रकात नसलेला आकडा घालू नये. शंका असल्यास विचारावे. वर्ड आणि पीडीएफ अशा दोन्ही फाइल हव्यात. मांडणी एका स्तंभात, तक्ते व चौकटी नकोत.’

शेवटच्या सूचनेला कारण आहे. भरती-प्रणाली रेझ्युमेतला मजकूर उपसून घेते, तेव्हा दोन स्तंभांतल्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात, आणि पानाच्या अगदी वरच्या पट्टीत लिहिलेला फोन नंबर काही वेळा गळून पडतो. तयार पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला की हे घरबसल्या तपासता येते. तिथे नाव, फोन, नोकऱ्या आणि तारखा योग्य क्रमाने दिसल्या तर मांडणी ठीक आहे.

मजकुराची तपासणी उमेदवारानेच करायची असते. प्रत्येक ओळ वाचून तिच्यावर कागद न पाहता दोन मिनिटे बोलता येते का, ते पाहावे. कास्टिंगच्या ओळीवर या उमेदवाराला बुजलेल्या वाटा, साफसफाईची पाळी आणि आकडा कुठून आला हे सारे सांगता येते, म्हणून ती राहते. ज्या ओळीवर बोलताना अडखळायला होते, ती एकतर माहितीपत्रकाशी ताडून दुरुस्त करायला परत पाठवावी किंवा काढून टाकावी.