दुकान नफ्यात, मग गल्ला रिकामा का?



आपल्या सोलापूर जिल्ह्यात ऊसशेतीला जोड म्हणून पुष्कळ सभासदांनी घरच्या पोरांना खते-औषधांचे दुकान काढून दिले आहे. वर्षाअखेर हिशेबात नफा दिसतो, पण खतकंपनीचा डेपो पैसे मागू लागला की बँकेकडे पळावे लागते. मग नफा गेला कुठे? तो कुठे अडकला हे दिवसांत मोजता येते. कसे, ते आम्ही येथे एका उदाहरणावरून मांडतो.

समजा, एका दुकानाची रोजची सरासरी विक्री २०,००० रुपये आहे व त्या मालाची खरेदी किंमत १८,००० रुपये. गिऱ्हाइकांकडे उधारी १८ लाख. तिला रोजच्या विक्रीने भागले की ९० आले, हे येण्याचे दिवस. गोदामात माल १०.८० लाखांचा. त्याला रोजच्या खरेदी किमतीने भागले की ६०, हे मालाचे दिवस. डेपोचे देणे ५.४० लाख, तेही खरेदी किमतीने भागले की ३०, हे देण्याचे दिवस. आता ९० आणि ६० मिळवा व त्यातून ३० वजा करा. उरले १२० दिवस. म्हणजे डेपोला दिलेला रुपया गल्ल्यात परत यायला चार महिने लागतात. तोवर २३.४० लाख रुपये बाहेर फिरत राहतात. ही रक्कम ११ टक्क्यांच्या कॅश क्रेडिटवर उचलली असेल, तर वर्षाला सुमारे २.५७ लाख व्याज जाते. वर्षाचा ढोबळ नफाच ७.३० लाख. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त बँकेलाच गेला!

पहिला हात उधारीला घालावा. वहीत नुसती नावे नकोत, दिवसांचे रकाने पाडा : ३० दिवसांच्या आतले, ३० ते ९०, आणि त्यापुढचे. शेवटच्या रकान्यात बहुधा मोजकीच नावे निघतात, पण रक्कम मोठी असते. दुसरे असे की, उसाला नत्र लागणीला १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४०, १२ ते १६ आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के असे विभागून द्यायचे असते. मग सगळे खत एकदम उधार का न्यायचे? मात्रेप्रमाणे माल द्यावा, मागच्या मात्रेची बाकी ठरल्या तारखेला घ्यावी. यात पिकाचेही भले आहे.

याने मालाचे दिवसही आपोआप उतरतात. मात्र लागणीच्या तोंडावर युरिया कमी ठेवला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी जाते. कात्री लावायची ती न खपणाऱ्या मालाला. औषधाची मुदत संपली की ते विकता येत नाही, म्हणून जवळच्या मुदतीच्या बाटल्या पुढे मांडा, कंपनी परत घेत असेल तर वेळीच परत करा.

देण्याचे दिवस वाढवताना मात्र जपून. डेपो ३० दिवसांची मुदत देतो, पण १० दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट देतो, असे समजा. सूट सोडून २० दिवस थांबलात, तर ते पैसे वर्षाला ३६ टक्क्यांहून महाग पडले. त्यापेक्षा ११ टक्क्यांचे बँकेचे पैसे बरे. सूट नसेल तरच मुदत वाढवून मागावी, तीही आधी बोलून. न सांगता थकवलं, की हंगामात माल आधी दुसऱ्याला जातो.

आमच्या उदाहरणात येण्याचे दिवस ७५, मालाचे ५० आणि सांगून-बोलून देण्याचे ३५ झाले, तर फेरा ९० दिवसांवर येतो. उधारीतून ३ लाख, मालातून १.८० लाख व देण्यातून ९० हजार, असे एकूण ५.७० लाख मोकळे होतात. पण हे पैसे एकदाच सुटतात. दरवर्षी वाचते ते व्याज, सुमारे ६३ हजार. आणि दिवस पुन्हा वाढले की ते पुन्हा अडकतात.

मोजताना एक फसगत होते. आपला धंदा हंगामी. जूनअखेर आडसालीसाठी भरलेला माल वर्षाच्या सरासरी विक्रीने भागला तर दिवस फुगलेले दिसतात. म्हणून दर महिनाअखेर मोजावे आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावे.

शेवटी, ही उधारी फिटते ती ऊसबिलातून. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे बिल १४ दिवसांत द्यायचे असते, आणि उशीर झाल्यास त्यावर १५ टक्के व्याज. बिल लांबले की शेतकऱ्याचे येण्याचे दिवस वाढतात, त्यामागे दुकानदाराचे. तेव्हा वसुलीची तारीख ठरवताना गिऱ्हाइकाच्या उसाची तोड केव्हा आहे ते आधी विचारा, आणि तीच तारीख वहीत त्याच्या नावापुढे लिहा.